वाळूची शिंगं कुठे वळली आहेत?

उपग्रहचित्रात सह्याद्रीच्या दऱ्या मला उंच धारेसारख्या दिसतात. असं का होतं?

दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, उन्हाचा आहे. लँडसॅट, सेंटिनेल यांसारखे उपग्रह आपल्यावरून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात. विशेषतः हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. उत्तर वर ठेवलेल्या चित्रात हा उजेड खालच्या बाजूने येतो आणि उजेड वरून पडतो असं धरून चालणारं मन चढ-उतार उलटे करतं. नदी डोंगराच्या माथ्यावरून वाहताना दिसली, की चित्र सरळ उलटं फिरवा. दरी लगेच खाली बसते.

चंद्रकोरीसारख्या टेकडीची शिंगं वारा जातो त्या दिशेला असतात, असं शाळेत शिकलो. थरच्या वाळवंटातही हाच नियम लावायचा का?

लावाल तर बऱ्याच ठिकाणी वाऱ्याची दिशा नेमकी उलटी सांगाल. तुम्ही शिकलात तो बारखान. मोकळ्या, झाडी नसलेल्या जमिनीवर त्याच्या कडांची थोडी वाळू मधल्या ढिगापेक्षा भरभर सरकते, म्हणून शिंगं पुढे जातात. थरमध्ये मात्र मोठ्या भागात झुडपं आहेत. ती कडांची वाळू धरून ठेवतात आणि मधला भाग वाऱ्याने पुढे ढकलला जातो. शिंगं मागे राहतात. उन्हाळ्यातला जोरदार वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे या टेकड्यांची शिंगं नैर्ऋत्येला आणि नाक ईशान्येला असतं.

शिंगांवर विसंबू नका, तीव्र उतार शोधा. वारा जातो त्या बाजूला वाळू साधारण ३०-३४ अंशांत घसरून थांबते. हा उतार कोरीच्या पोटात असेल तर बारखान; फुगीर पाठीवर असेल तर थरमधली ही दुसरी, अन्वस्त टेकडी. शिंगांवर झुडपांचे काळे ठिपके दिसले, तर शंकाच नको.

दाभोळजवळ वाशिष्ठीच्या मुखात बेटं दिसतात. तो त्रिभुज प्रदेश म्हणायचा का?

नाही, ती खाडी. तिथे समुद्र आत शिरला आहे. त्रिभुज प्रदेशात जमीन समुद्रात सरकते आणि नदीला फाटे फुटतात. राजमहेंद्रीखाली धवळेश्वरमपाशी गोदावरी पाहा: गौतमी आणि वसिष्ठा वेगळ्या होतात. (नावं जुळतात, घडण जुळत नाही.)

गंगोत्री हिमनदीच्या कडेला दगडगोट्यांचा बांध दिसतो. तो हिमोढ, की दरड कोसळलेली?

आधी हे लक्षात घ्या, की गोमुखाच्या वरची हिमनदी बरीचशी राखाडी दिसते, कारण बर्फावर दगडांचा थर आहे. दरडीच्या वर डोंगरावर ताजा ओरखडा असतो आणि खाली माल पंख्यासारखा पसरतो. पार्श्व हिमोढ मात्र हिमनदीला समांतर, लांबवर जातो. त्याच्या आणि डोंगराच्या मध्ये अनेकदा अरुंद घळ असते. आतली बाजू उभी, पावसाने चिरलेली दिसते आणि माथा आजच्या बर्फापेक्षा बराच वर असतो. बर्फ एकेकाळी तिथपर्यंत भरलेला होता.