‘जहा दुमस्स पुप्फेसु’ : गाथेची संस्कृत छाया करताना

प्रश्न : ‘दशवैकालिक’ या जैन आगमग्रंथातली ‘जहा दुमस्स पुप्फेसु’ ही प्राकृत गाथा मला पाठ आहे, पण शब्द सुटे केले की अर्थ नीट लागत नाही. संस्कृत बऱ्यापैकी येतं. ध्वनिबदलाचे नियम उलटे लावले की प्राकृताची छाया, म्हणजे शब्दाला शब्द संस्कृत रूप, आपोआप मिळते का? मी ‘अप्पयं’चं ‘अल्पकम्’ केलं, ते बरोबर आहे का?

उत्तर : आपोआप मिळत नाही. तुमचं ‘अल्पकम्’ ध्वनिनियमांत बसतं, तरी या गाथेत ते चालणार नाही. असं का, हे कळण्यासाठी आधी पूर्ण गाथा समोर ठेवू.

जहा दुमस्स पुप्फेसु, भमरो आवियई रसं ।
न य पुप्फं किलामेइ, सो य पीणेइ अप्पयं ॥

ही दशवैकालिकाच्या पहिल्या, ‘दुमपुप्फिया’ अध्ययनातली दुसरी गाथा. भुंगा झाडाच्या फुलांतून रस घेतो, फुलाला त्रास देत नाही आणि स्वतः तृप्त होतो. साधूने भिक्षा कशी घ्यावी, त्याचा हा दाखला आहे.

प्राकृताचे नियम व्याकरणकारांनी संस्कृताकडून प्राकृताकडे येताना सांगितले आहेत. 12व्या शतकातल्या हेमचंद्रांचं प्रसिद्ध सूत्र आहे, ‘कगचजतदपयवां प्रायो लुक्’. दोन स्वरांमध्ये एकटी सापडलेली ही व्यंजनं बहुधा लोपतात. लोपलेल्या जागी अ किंवा आ उरला असेल, तर तिथे हलका ‘य’ ऐकू येतो, तीच यश्रुती. आता उलट दिशेने या. गाथेत शब्दाच्या मध्ये ‘य’ दिसला, तर मुळात तिथे क होता, ग होता, च होता की त, हे तो ‘य’ सांगत नाही. पुष्कळ वाटा एका ठिकाणी येऊन मिळाल्या आहेत, आणि तिथून मागे फिरताना कोणती वाट धरायची हे वाक्याचा अर्थ आणि व्याकरण ठरवतं. नियमाचं काम इतकंच, की कोणत्या वाटा शक्य आहेत ते तो दाखवतो.

म्हणून मी शब्दाच्या पोटात शिरण्याआधी शेवट पाहते. प्रत्यय फारसे फसवत नाहीत. ‘दुमस्स’मधलं ‘स्स’ म्हणजे ‘स्य’, षष्ठी एकवचन. ‘पुप्फेसु’ सप्तमी बहुवचन. ‘रसं’ आणि ‘पुप्फं’ द्वितीया. ‘भमरो’मधला ‘ओ’ म्हणजे विसर्ग, प्रथमा. ‘किलामेइ’, ‘पीणेइ’ यांतला ‘इ’ म्हणजे ‘ति’, त लोपून उरलेला. एवढ्यावरच वाक्याचा सांगाडा उभा राहतो : कोणी एक जण, झाडाच्या, फुलांमध्ये, काहीतरी करतो, फुलाला काहीतरी करत नाही, आणि कशाला तरी काहीतरी करतो. इथे एक सावधगिरी हवी. आगमांच्या गद्यात प्रथमेचा शेवट बहुधा ‘ए’ असतो, जसं ‘समणे भगवं महावीरे’. गाथांमध्ये ‘ओ’ पुष्कळदा येतो. त्यामुळे शब्दाच्या शेवटी ‘ए’ दिसला की तो प्रथमेचा की सप्तमीचा, हे तपासूनच पुढे जावं. याच अध्ययनाच्या पहिल्या गाथेत ‘जस्स धम्मे सया मणो’ आहे, तिथला ‘धम्मे’ सप्तमी आहे : ‘यस्य धर्मे सदा मनः’.

सांगाडा उभा राहिला की सोपे शब्द पटापट सुटतात. आरंभीच्या य चा ज आणि मधल्या थ चा ह होतो, म्हणून ‘जहा’ म्हणजे ‘यथा’. ‘द्रु’ आणि ‘भ्र’ यांमधला र गेला, म्हणून ‘द्रुम’ आणि ‘भ्रमर’. ‘ष्प’चा ‘प्फ’ झाला, म्हणून ‘पुष्प’. ‘न य’ आणि ‘सो य’ यांतल्या ‘य’ला मात्र नवखे वाचक हमखास अडखळतात आणि तिथे ‘यः’ किंवा ‘यत्’ शोधू लागतात. तो ‘च’ आहे. आधी स्वर आला की त्याचा च लोपतो आणि यश्रुती येते. याची साक्ष त्याच अध्ययनात आहे. चौथ्या गाथेत ‘वयं च वित्तिं लब्भामो, न य कोइ उवहम्मई’ असं आहे. अनुस्वारानंतर ‘च’ शाबूत राहिला आणि ‘न’नंतर त्याचा ‘य’ झाला, दोन्ही एकाच ओळीत.

‘आवियई’ जरा अवघड. ‘पिबति’ या क्रियापदाचं प्राकृत ‘पियइ’ होतं, आपलं ‘पिणं’ त्याच कुळातलं. आरंभीचा प टिकतो. पण मागे ‘आ’ हा उपसर्ग लागला की तोच प दोन स्वरांच्या मध्ये येतो आणि त्याचा व होतो. त्यामुळे ‘आपिबति’चं ‘आवियइ’ झालं आणि ओळखीचं क्रियापद परकं दिसू लागलं. उपसर्ग वेगळा करून पाहणं ही सवय इथे उपयोगी पडते. क्रियापद ‘आ’, ‘उव’, ‘परि’ यांनी सुरू होत असेल, तर तेवढं बाजूला काढावं आणि उरलेल्या शब्दाच्या पहिल्या व ऐवजी प घालून पाहावा.

शेवटचा ‘ई’ दीर्घ का, हाही प्रश्न पडेल, कारण काही प्रतींत ‘आवियइ’ असा ऱ्हस्व छापलेला असतो. कारण छंद आहे. ही गाथा अनुष्टुभ आहे, चरणाला 8 अक्षरं. दुसऱ्या चरणात मोजली तर 9 भरतात, कारण सुरुवातीची ‘भ’ आणि ‘म’ ही दोन लघू अक्षरं एका अक्षराच्या जागी आली आहेत. अनुष्टुभाच्या सम चरणात पाचवं अक्षर लघू, सहावं गुरू आणि सातवं लघू हवं. ‘भम’ एक धरून मोजा : पाचवं ‘य’, सहावं ‘ई’, सातवं ‘र’. ‘ई’ ऱ्हस्व ठेवला तर चरण मोडतो. तेव्हा हा दीर्घ स्वर छंदासाठी आहे, व्याकरणाचं वेगळं रूप नव्हे. छायेत तो ‘आपिबति’ एवढाच उतरतो.

‘किलामेइ’मध्ये दोन गोष्टी आहेत. ‘क्ल’ हे जोडाक्षर ‘इ’ घालून फोडलं आहे, आणि ‘अय’चा ‘ए’ झाला आहे. उलट गेलं की ‘क्लामयति’, म्हणजे थकवतो, पीडा देतो. प्रतिक्रमण करणाऱ्यांच्या कानावर हा शब्द रोज पडतो : इरियावहिया सूत्रातलं ‘परियाविया किलामिया’. तिथे ‘क्लामिताः’, त्याच धातूचं रूप. माहीत असलेल्या पाठातला असा जुळा शब्द सापडला की छाया पक्की होते, आणि असे शब्द शोधणं मला नियम घोकण्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. ‘पीणेइ’ही याच रीतीने ‘प्रीणयति’, तृप्त करतो. ‘पीण’ म्हणजे ‘पीन’, पुष्ट, असंही होऊ शकतं, पण भुंगा इथे लठ्ठ होत नाही, तृप्त होतो. टीकाकारांनीही ‘प्री’ हाच धातू धरला आहे.

आता तुमचा ‘अप्पयं’. ‘ल्प’चा ‘प्प’ होतो, म्हणून ‘अल्प’चं ‘अप्प’. ‘त्म’चाही ‘प्प’ होतो, म्हणून ‘आत्मन्’चंही ‘अप्प’. जोडाक्षराआधीचा दीर्घ आ ऱ्हस्व होत असल्यामुळे दोघांतला उरलेला फरकही पुसला जातो. पुढच्या ‘यं’मध्ये ‘क’ लोपला आहे : ‘अल्पकम्’ किंवा ‘आत्मकम्’. ध्वनीच्या पातळीवर दोन्ही सारखेच खरे.

निवाडा क्रियापदाने होतो. ‘प्रीणयति’ला कर्म हवं, कोणाला तृप्त करतो ते सांगावं लागतं. ‘अप्पयं’ म्हणजे ‘थोडंसं’ घेतलं, तर कर्मच उरत नाही. ‘पुप्फं’ तर ‘किलामेइ’ने आधीच घेतलं आहे. दुसरा पुरावा रचनेत आहे. गाथेच्या उत्तरार्धात दोन वाक्यं समोरासमोर ठेवली आहेत : फुलाला पीडा नाही, स्वतःला तृप्ती. चौथ्या गाथेत हीच जोडी साधूंच्या तोंडी येते, आम्हाला निर्वाह मिळावा आणि कोणाला इजा होऊ नये. ‘थोडंसं’ घातलं की तो सामना नाहीसा होतो. म्हणून इथे आत्माच. मराठीतलं ‘आपण’ही याच ‘आत्मन्’चं, ‘अप्प’मार्गे आलेलं.

पण छायेत ‘आत्मकम्’ लिहायचं की ‘आत्मानम्’? अक्षराला अक्षर जुळवायचं तर ‘आत्मकम्’. संस्कृत लेखक मात्र ‘आत्मानम्’च लिहील. मी छायेत पहिलं लिहून त्याच्या शेजारी दुसरं टिपून ठेवते, कारण मूळ शब्द कसा बनला तेही दिसायला हवं. सगळी छाया अशी :

यथा द्रुमस्य पुष्पेषु भ्रमर आपिबति रसम् ।
न च पुष्पं क्लामयति स च प्रीणयत्यात्मकम् (आत्मानम्) ॥

ही मोठ्याने म्हणून पाहा. तिसरा चरण अडखळतो. मूळच्या ‘किलामेइ’त लघू-गुरू-गुरू असा नेमका हवा तो क्रम होता, ‘क्लामयति’त तो राहिला नाही. छाया वाचण्यासाठी असते, म्हणण्यासाठी मूळ गाथा आहेच. छंद साधण्यासाठी छायेत शब्द बदलू नका. तसं केलं की तुमचे स्वतःचे शब्द मूळ ग्रंथाचे समजले जातात.

दोन ठिकाणी जुळवाजुळव थांबवावी लागते. एक विभक्तीचं. ‘नमो अरिहंताणं’मधलं ‘अरिहंताणं’ रूपाने षष्ठी आहे, कारण प्राकृतात चतुर्थीचं काम षष्ठी करते. रूपाला रूप ठेवून ‘अर्हताम्’ केलं तर ‘नमः’शी ते संस्कृतात जुळत नाही, तिथे ‘नमोऽर्हद्भ्यः’ असं चतुर्थीच घ्यावी लागते. दुसरं देशी शब्दांचं. ‘पोट्ट’, म्हणजे आपलं पोट, याला संस्कृत पूर्वज जोडण्याच्या फंदात पडू नका. हेमचंद्रांनी असे शब्द ‘देशीनाममाले’त वेगळेच नोंदवले. तिथे ‘उदर’ लिहिता येईल, पण ते भाषांतर झालं, छाया नव्हे. वहीत तशी खूण करून ठेवा. शंका आली की ‘पाइअसद्दमहण्णवो’ हा हरगोविंददास सेठांचा कोश उघडा. त्यात प्राकृत शब्दापुढे संस्कृत रूप दिलेलं असतं आणि ‘अप्प’सारख्या शब्दांच्या वेगवेगळ्या नोंदी दिसतात. कोश हिंदीत आहे, मराठी वाचकाला अडचण येत नाही.

पुढची, तिसरी गाथा तुम्ही स्वतः सोडवून पाहा : ‘एमेए समणा मुत्ता, जे लोए संति साहुणो’. ‘एवमेते श्रमणा मुक्ता ये लोके’ इथपर्यंत सरळ जाल. ‘संति’ मात्र ‘सन्ति’ही असेल आणि ‘शान्ति’ही, कारण ‘शान्ति’तला आ ऱ्हस्व होऊन तेच रूप उरतं. ‘सन्ति’ घेतलं तर ‘जगात जे साधू आहेत’, ‘शान्ति’ घेऊन पुढच्या शब्दाशी समास केला तर ‘शांती साधणारे’. इथे ‘अप्पयं’सारखा निवाडा करून देणारं क्रियापद नाही. ‘सन्ति’ साधं आहे, म्हणून मी ते आधी लिहीन, आणि ‘शान्ति’ त्याच ओळीत कंसात ठेवीन.