अंदाज, येणं आणि जमा

«यूट्यूबच्या कमाईत एस्टिमेटेड रेव्हेन्यू, फायनलाइज्ड रेव्हेन्यू आणि पेड अमाउंट असे तीन आकडे दिसतात. तिघांनाही मराठीत ‘महसूल’च म्हणायचं का? आणि महिन्याचा खरा आकडा नक्की कधी कळतो?»

‘महसूल’ मात्र नको. तो सरकारजमा होतो; तलाठी, तहसीलदार, सारा हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं. चॅनल चालवणाऱ्याला मिळतं ते उत्पन्न किंवा कमाई.

पहिल्या शब्दासाठी आपल्याकडे फार चांगला आधार आहे: पैसेवारी, म्हणजे पीक किती येईल याचा सरकारी अंदाज. पीक शेतात उभं असताना डोळ्यांनी पाहून जी ठरवतात ती नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी पीककापणीच्या प्रयोगांवरून अंतिम. (हिंदीच्या ओढीने ‘नजरअंदाज’ म्हणजे दुर्लक्ष असं आता मराठीतही रुळतं आहे. महसूल खात्याने त्याचा हा अर्थ टिकवून ठेवला आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.) यूट्यूबचा आकडाही अशाच पायऱ्या उतरतो. अॅनालिटिक्समध्ये दिवसाची कमाई साधारण दोन दिवस उशिरा दिसते, तो नजरअंदाज. आठवड्याभराने ती एकदा सुधारली जाते, आणि पुढच्या महिन्याच्या मध्याच्या सुमारास पुन्हा. बनावट किंवा अवैध व्ह्यूज वगळले जातात, व्हिडिओतल्या गाण्यावर कुणी हक्क सांगितलेला असतो, काही जाहिराती दर दिवसाच्या ठोक भावाने घेतलेल्या असतात आणि त्यांचा हिशेब मागाहून लागतो. म्हणून ‘अंदाजे उत्पन्न’ हा शब्द योग्य आहे, आणि तो अंदाज म्हणूनच वाचावा.

दुसऱ्या आकड्याला बरेचजण ‘अंतिम उत्पन्न’ म्हणतात. मी ‘निश्चित उत्पन्न’ म्हणेन. हा आकडा यूट्यूबच्या अॅनालिटिक्समध्ये शोधून सापडत नाही. तो अॅडसेन्सच्या, म्हणजे गूगल ज्यातून पैसे देतं त्या खात्यात पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेच्या दरम्यान चढतो. त्यानंतरही अवैध व्ह्यूजपोटी वजावट होऊ शकते, म्हणून ‘अंतिम’ म्हणायला जीभ कचरते. आपल्या जमाखर्चाच्या भाषेत हे ‘येणं’ आहे: समोरच्याने मान्य केलेलं, पण अजून हातात न पडलेलं.

तिसरी ‘अदा केलेली रक्कम’. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ती एका महिन्याची कमाई असेलच असं नाही. आमच्या वहिनींचं पाककृतींचं चॅनल आहे, त्यांच्या वहीतला हिशेब सोपा करून सांगते. 5 एप्रिलला अॅनालिटिक्समध्ये मार्चचे 142.60 डॉलर दिसत होते. 11 एप्रिलला अॅडसेन्समध्ये चढले 136.20. त्यातले 18 डॉलर अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेले. करविषयक फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा दर घेतलेला असल्याने त्या 18 डॉलरवर 15 टक्के, म्हणजे 2.70, कापले गेले. उरले 133.50. फेब्रुवारीचं येणं 58 डॉलर होतं. पैसे अदा होण्यासाठीची 100 डॉलरची मर्यादा न गाठल्याने ते पुढे ओढलेलं. दोन्ही मिळून 191.50 अदा झाले. वहिनी म्हणाल्या, “अगं, अंदाज एकशे बेचाळीसचा आणि आले एकशे एक्क्याण्णव, हे कसं?” त्यांच्या डोळ्यांसमोर मार्च होता आणि रकमेत फेब्रुवारीही होता.

पैसे अदा होतात ते महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान. पत्ता, बँक किंवा कराची माहिती अपुरी राहून पैसे अडवून ठेवलेले असतील, तर ती अडचण 20 तारखेच्या आत सोडवावी लागते. नाहीतर सगळं पुढच्या महिन्यावर जातं.

आता ‘अदा’ आणि ‘जमा’ यांतला फरक. अदा करणारा तो, जमा होणार आपल्याकडे. अॅडसेन्सने 191.50 डॉलर अदा केले तरी बँक आपल्या त्या दिवसाच्या दराने रुपये करते, आपलं शुल्क कापते, आणि पासबुकात येते ती जमा रक्कम. या दोन आकड्यांतली तफावत यूट्यूबच्या कुठल्याच पानावर दिसणार नाही. ती बँकेच्या पावतीवरच शोधावी लागते. इंग्रजीत पडद्यावर ‘पेड’ एवढंच लिहिलेलं असतं. मराठीत दोन शब्द आहेत, तर वहीत दोन रकाने जरूर करावेत.

तेव्हा मार्चची कमाई विचारलीत, तर 12 एप्रिलनंतर अॅडसेन्समध्ये पाहून सांगता येईल. 1 एप्रिलच्या सकाळी तर मार्च संपलेलाही नसतो: यूट्यूबचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, आणि तिथे 31 मार्चची मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात.