उताऱ्यातलं होता, होती, होते कसं तपासायचं?

प्रश्न: आम्ही सोलापूरचे, घरी तेलुगू बोलतो. मुलगी मराठी उतारा लिहिते तेव्हा होता, होती, होते यांची सरमिसळ होते. तपासायचं कसं?

तेलुगूत गर्दी, बस, हलगी अशा शब्दांना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. मराठीत ते प्रत्येक नामाला असतं, म्हणून नुसतं कानावर सोडलं तर चुकणारच. ‘माझा’ लावून पाहायची सवय लावा. कर्त्याआधी जे रूप बसेल त्याचाच शेवट क्रियापदाला येतो: माझा–होता, माझी–होती, माझे–होते, माझ्या–होत्या.

समजा, गड्ड्याच्या यात्रेवर तिने असं लिहिलंय: ‘गर्दी वाढत होते. सातही नंदीध्वज पुढे सरकत होता. लहान मुले फुगे फोडत होते. पाळण्यांची रांग लांबत होते. रमा हुरडा खात होता.’

माझी गर्दी, म्हणून होती. नंदीध्वज एक असता तर माझा, पण इथे सात आहेत: माझे नंदीध्वज, म्हणून होते. रांगेच्या वाक्यात ‘पाळण्यांची’ या शब्दाला प्रत्यय आहे, त्यामुळे तो कर्ता नाही. कर्ता रांग, माझी रांग, होती.

‘मुले’ची चूक मराठी घरांतही सर्रास होते. शब्द एकारान्त दिसतो म्हणून ‘होते’ लिहिलं जातं. पण आपण ‘माझी मुले’ म्हणतो, ‘माझी घरे’ म्हणतो. नपुंसकलिंगी अनेकवचनाला होतीच हवं. ‘मुलगे’ लिहिलं असतं तर होते बरोबर ठरलं असतं.

शेवटच्या वाक्यात कारण वेगळं आहे. ‘रमाने हुरडा खाल्ला होता’ यात क्रियापद हुरड्याच्या मागे जातं. ‘खात’ आलं की रमाला ‘ने’ लागत नाही आणि क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जातं: रमा हुरडा खात होती. स्वतः ‘खात’ मात्र कधीच बदलत नाही, म्हणून पेन्सिलने फक्त त्याच्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारा, मग मागे जाऊन कर्ता शोधा. ‘मला भूक लागत होती’ अशा वाक्यात ‘मला’ सोडून द्या, माझी भूक धरा.

आदर असला की रूप अनेकवचनी होतं: माझे आजोबा बसत होते, माझ्या बाई शिकवत होत्या. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना ही युक्ती लागू नाही, ती रूपं पाठच करावी लागतात: मुलगी ‘मी जात होते’ लिहील, मुलगा ‘मी जात होतो’, दोघं मिळून ‘आम्ही जात होतो’. तू मुलगा असेल तर होतास, मुलगी असेल तर होतीस. तुम्ही असेल तर होता किंवा होतात.

आणि ‘मूल रडत होतं’ की ‘होते’? शाळेच्या उताऱ्यात होते लिहू द्या, फक्त एकाच उताऱ्यात दोन्ही नकोत.