ऑफसेट आणि बसवणीचा कोन हे दोन वेगळे आकडे आहेत

प्रश्न: एडीएक्सएल-३४५ हा त्वरणमापक कोन मोजण्यासाठी आयटूसीवर जोडला आहे. बोर्ड टेबलावर सपाट ठेवला तरी कोन ४-५ अंश दाखवतो आणि मधेच उडी मारतो. शून्य कसे करावे?

उत्तर: उडीचे कारण बहुधा वाचनात आहे. सहा बाइट एकेक करून वाचल्यास दोन वाचनांच्या मध्ये नवे माप येते आणि जुन्या-नव्या बाइटांचा एकच आकडा बनतो. त्यामुळे 0x32 या रजिस्टरपासून सहाही बाइट एकाच व्यवहारात घ्यावेत.

शून्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण याच मुद्द्यावर माझा माझ्या तत्कालीन भागीदारांशी दीर्घ वाद झाला होता आणि त्यांचे मत मला आजही अमान्य आहे. सोलापुरातील एका टॉवेल रंगाई कारखान्यासाठी आम्ही सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारा, पन्हाळीच्या आकाराचा आरसा बसवला होता. तो पूर्व-पश्चिम साठ-साठ अंश फिरतो. नाभीय अंतर १ मीटर आणि नळीचा व्यास २५ मिमी असल्यामुळे कोन एक अंशाने चुकला तरी किरणांचा पट्टा सुमारे १७ मिमी सरकतो आणि जवळजवळ पूर्णपणे नळीबाहेर पडतो.

भागीदारांची पद्धत तुम्ही विचारता तीच होती: बोर्ड टेबलावर ठेवायचा, X चे वाचन घ्यायचे आणि तेच वजा करायचे. पूर्ण रिझोल्यूशनमध्ये एका जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाला, सुमारे २५६ मोजण्या येतात. आमच्या चिपचा खरा X ऑफसेट, म्हणजे त्वरण शून्य असतानाही दिसणारे वाचन, १६ मोजण्या होता. परंतु टेबल दोन अंश कलंडलेले असल्यामुळे त्यात आणखी ९ मिळून २५ दिसले आणि २५च वजा झाले. टेबलाचा उतार अशा रीतीने चिपच्या नावावर कायमचा जमा झाला.

आरशावर बसवल्यावर दुपारी कोन दोन अंशांनी कमी दिसला, तेव्हा त्यांनी प्रोग्राममध्ये दोन अंश मिळवले. दुपार बरोबर झाली, परंतु सकाळी आणि संध्याकाळी आरसा एकाच दिशेने एकेक अंश चुकू लागला. याचे कारण असे की X मध्ये शिल्लक राहिलेल्या चुकीचा कोनावरील परिणाम कोसाइनच्या प्रमाणात बदलतो: शून्यावर दोन अंश, तर साठ अंशांवर एकच. ही खूण लक्षात ठेवावी. मध्यावर बरोबर आणि दोन्ही टोकांना एकाच बाजूस चूक असेल, तर ऑफसेटची चूक अंशांमध्ये भरून काढली आहे असे समजावे. ती चूक ‘गिअरच्या ढिलाईमुळे’ आहे असे भागीदार म्हणत राहिले. ढिलाईची चूक आरसा कोणत्या दिशेने येत आहे यावर अवलंबून असते. आमची चूक कोणत्याही दिशेने आलो तरी तितकीच होती.

योग्य रीत अशी आहे. बोर्ड उभा धरून X अक्ष प्रथम वर आणि मग खाली करावा, आणि प्रत्येक वेळी बोर्ड स्थिर ठेवून बऱ्याच वाचनांची सरासरी घ्यावी. आम्हाला २७१ आणि −२३९ मिळाले. बेरजेचा निम्मा म्हणजे १६ हा ऑफसेट, आणि वजाबाकीचा निम्मा म्हणजे २५५ ही एका जीची खरी मोजणी. Y आणि Z साठीही तसेच करावे. या रीतीत टेबल समतल असण्याची गरज उरत नाही: अक्ष उभा असताना दोन अंशांच्या उताराने वाचन अर्ध्या मोजणीनेही बदलत नाही, तर आडवा असताना तोच उतार नऊ मोजण्या घुसवतो.

```c
readRegs(0x53, 0x32, buf, 6);
int16_t x = (int16_t)((buf[1] << 8) | buf[0]);
int16_t z = (int16_t)((buf[5] << 8) | buf[4]);
float fx = (x - offX) / sensX;
float fz = (z - offZ) / sensZ;
float deg = atan2f(fx, fz) * 57.29578f - mountDeg;
```

ऑफसेट चिपच्या `OFSX` रजिस्टरमध्ये भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे एक पायरी १५.६ मिली-जीची, म्हणजे जवळजवळ ०.९ अंशाची असते. वजाबाकी प्रोग्राममध्येच करावी.

`mountDeg` हा बसवणीचा कोन ऑफसेट काढून झाल्यावरच, आरसा स्पिरिट लेव्हलने समतल करून मोजावा आणि स्वतंत्र साठवावा. बोर्ड बदलला तर ऑफसेट पुन्हा काढून हा कोनही तपासावा. नुसता ब्रॅकेट पुन्हा आवळला तर हा कोन मोजणे पुरेसे आहे. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले, तर पुढे दुरुस्तीस येणाऱ्याला नेमके काय बदलले हे कधीच कळणार नाही.

येथे दोन मर्यादाही सांगायला हव्यात. हे सर्व आरसा स्थिर असतानाच खरे आहे. मोटर चालू असताना घेतलेले वाचन वापरू नये. ऑफसेट तापमानाने सरकतो, म्हणून सोलापुरात उन्हात बसणाऱ्या बोर्डाचे माप पहाटे आणि भर दुपारी असे दोनदा घ्यावे आणि फरक मोठा आल्यास तापमानानुसार दोन संच ठेवावेत.