जुन्या कंपनीचा पगार आणि टीडीएस नव्या पेरोलमध्ये घेताना

प्रश्न: अंबडच्या एका कारखान्यात मी पेरोलच्या कामाला नवीन आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला पुण्याहून एक इंजिनीअर आमच्याकडे रुजू झाले. त्यांनी आधीच्या कंपनीचा फॉर्म १६ दिलाय. त्यातला कोणता पगार आणि कोणता टीडीएस सिस्टीममध्ये भरायचा?

उत्तर: बहुधा त्यातला कुठलाच नाही. आधी पहिल्या पानावरचं वर्ष बघा. जून २०२५ मध्ये मिळालेल्या फॉर्म १६ वर 'असेसमेंट इयर २०२५-२६' छापलेलं असतं, आणि ते तुमच्याकडे रुजू झाले ते आर्थिक वर्षही २०२५-२६च. इथेच नजर फसते. असेसमेंट इयर म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष, त्यामुळे तो हिशेब एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा आहे. त्याच पानावर नोकरीच्या कालावधीच्या 'पासून-पर्यंत' तारखा असतात, त्या वाचल्या की शंका उरत नाही. २०२५-२६ चा फॉर्म १६ जुनी कंपनी त्यांना जून २०२६ मध्ये देणार. तोपर्यंत तुम्हाला थांबता येणार नाही.

म्हणून त्यांच्याकडून फॉर्म १२बी भरून, सही करून घ्या. आधीच्या नोकरीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवायचा तो हाच फॉर्म. त्यासोबत सप्टेंबरची पगारस्लिप, नोकरी सोडतानाचा फुल अँड फायनलचा हिशेब आणि असेल तर कराचं कॉम्प्युटेशन शीट मागा. आकडे तुम्हाला या तीन कागदांतून पडताळायचे आहेत.

पगाराचा आकडा घेताना बँकेत जमा झालेली रक्कम विसरा. पीएफ, कर वगैरे कापण्याआधीचा एकूण पगार हवा. जुन्या करप्रणालीत असतील तर त्यातून घरभाडे भत्त्यासारखी करमाफ रक्कम वजा होते, पण स्टँडर्ड डिडक्शन अजिबात वजा करायचं नाही, कारण ते तुमची सिस्टीम वर्षाला एकदाच स्वतः करते. कॉम्प्युटेशन शीटच्या तळाचा 'करपात्र उत्पन्न' हा आकडा उचलला की घोळ झालाच म्हणून समजा. शिवाय ते शीट बऱ्याचदा बारा महिन्यांच्या अंदाजावर असतं, सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष पगारावर नाही.

एक उदाहरण नव्या करप्रणालीत धरू. पुण्यात महिना १,२०,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ७,२०,०००. जुन्या कंपनीने वर्षाचा कर ८८,१४० धरून महिन्याला ७,३४५ कापले, म्हणजे सहा महिन्यांत ४४,०७०. तुमच्याकडे महिना १,५०,०००, मार्चपर्यंत ९,००,०००. एकूण १६,२०,००० मधून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा जाता १५,४५,००० करपात्र. कर १,११,७५० आणि त्यावर ४ टक्के सेस मिळून १,१६,२२०. त्यातून ४४,०७० वजा केले की ७२,१५० उरतात, म्हणजे दरमहा १२,०२५ कापायचे.

आता ७,२०,००० ऐवजी ६,४५,००० भरले तर स्टँडर्ड डिडक्शन दोनदा मिळतं आणि कर ११,७०० ने कमी कापला जातो. आणि जुना पगार भरलाच नाही तर? तुमच्या ९,००,००० वर सवलतीमुळे कर शून्य येतो. त्यांना दर महिन्याला हातात जास्त पैसे मिळतात, कुणाची तक्रार येत नाही, आणि जुलैत रिटर्न भरताना ७२,१५० व्याजासकट समोर उभे राहतात. मग ते तुमच्याच टेबलाशी येतात.

टीडीएससाठी शेवटच्या स्लिपवरचा वर्षभराच्या बेरजेचा रकाना बघा, पण 'इन्कम टॅक्स' या ओळीतला. तिच्याच शेजारी व्यवसाय कराची ओळ असते. महाराष्ट्रात तो बहुतेक महिन्यांत २०० रुपये असतो. तो टीडीएसमध्ये मिळवायचा नाही. कपातींची एकूण बेरीज उचलणारेही मी पाहिलेत, त्यात पीएफसुद्धा येतो! फुल अँड फायनलमध्ये रजेचे पैसे किंवा बोनस दिला असेल तर त्यावरचा कर सप्टेंबरच्या स्लिपमध्ये नसू शकतो, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवूनच बेरीज करा.

त्यांना आयकर पोर्टलवरून २६एएस, म्हणजे त्यांच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा, काढायला सांगा. एप्रिल ते जूनचा टीडीएस तिथे दिसायला हवा, कारण त्या तिमाहीच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै होती. उदाहरणात तो २२,०३५ यायला हवा. जुलै ते सप्टेंबरची मुदत ३१ ऑक्टोबर, त्यामुळे ती तिमाही आत्ता रिकामी दिसली तर घाबरू नका. नोव्हेंबरअखेर पुन्हा बघा. तेव्हाही ती आली नाही तर मी जुन्या कंपनीला मेल करायला लावतो आणि तो मेल १२बीला जोडून ठेवतो. २६एएसमधला पगाराचा आकडा मात्र मी घेत नाही. कंपनी तिथे करमाफ रक्कम धरून दाखवते की वगळून, हे त्यावरून कळत नाही.