आधी फाइल दुरुस्त करा

एकाच व्हिडिओतून काढलेले ब्लॉग, कॅप्शन आणि अवतरणांची कार्डे वेगवेगळी सुधारत बसण्यापेक्षा, यंत्राने व्हिडिओतले बोलणे वेळांसह लिहून दिलेली .srt फाइल सर्वप्रथम व्हिडिओ ऐकत दुरुस्त करावी, कारण पुढचे सारे तिच्यातूनच निघते. माझ्या पाककृतीच्या व्हिडिओत ‘मेतकूट’ सगळीकडे ‘मी तर कूट’ असे उमटले होते. ते ‘शोधा आणि बदला’ वापरून एकदाच सुधारले, मात्र वेळेच्या ओळींना हात लावला नाही, कारण त्या बिघडल्या की कॅप्शन आवाजाशी जुळत नाहीत. ब्लॉगसाठी प्रत काढून वेळा, क्रमांक आणि ‘बघा’, ‘म्हणजे’ गाळावेत व विषय बदलेल तेथे परिच्छेद पाडावा. कार्डासाठी निवडलेले वाक्य मात्र त्याच्या वेळेवर जाऊन पुन्हा ऐकावे. ‘घालू नका’मधला ‘नका’ गळला, तर उरलेला मजकूर वाचताना शंकाही येत नाही.