घुमटातल्या शोचं मराठी निवेदन: आधी रेष पोचू द्या, मग नाव घ्या

प्रश्न: जळगाव जिल्ह्यातल्या शाळांत फुगवायचं तारांगण घेऊन फिरतो. २४ मिनिटांचा इंग्रजी शो आहे, त्याला मराठी आवाज द्यायचाय. खगोलातले शब्द कोणते घ्यावेत, आवाज चित्राशी कसा जुळवायचा आणि रेकॉर्डिंगला सॉफ्टवेअर कोणतं?

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू, ते सगळ्यात सोपं आहे. शब्दांवरून लोक हमरीतुमरीवर येतात आणि वेळेकडे कुणी बघत नाही; शो पडतो तो वेळेवर. मराठी केलेले शो ऐकताना बऱ्याचदा वाटतं की निवेदक एक सिनेमा बघतोय आणि मुलं दुसरा. कारण ठरलेलं असतं. संहिता कागदावर आली, कागदावरच मराठी झाली, आणि ते करणाऱ्यासमोर चित्र कधी लावलंच नव्हतं.

म्हणून इंग्रजी संहिता आधी बाजूला ठेवा. शो आवाज बंद करून बघा आणि चित्रात काय कधी घडतं ते मिनिट-सेकंदांत वहीत उतरवा. तारे कधी उगवतात, आकृती कधी उजळते, रेष कुठून निघते, कुठं पोचते, कॅमेरा कधी थांबतो. हा तक्ता हाच तुमचा मूळ मजकूर. इंग्रजी वाक्यं त्या तक्त्याशेजारी मांडा, म्हणजे कुठलं वाक्य चित्राला टेकलेलं आहे आणि कुठलं नुसतं भरीचं आहे, ते आपोआप दिसतं.

मग प्रत्येक तुकड्यात किती मराठी मावेल ते मोजा. शब्द मोजू नका. मराठीत ‘ताऱ्यांच्यामध्येसुद्धा’ हा एकच शब्द असतो. अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरायचं. घुमटासाठी मी सेकंदाला पाच अक्षरं धरतो. बातम्या वाचणारे याहून पुष्कळ भरभर वाचतात, पण त्यांच्या मागे ब्लोअर घोंघावत नसतो आणि समोर मान वर करून बसलेली सहावीतली पोरं नसतात. शिवाय प्रत्येक नव्या दृश्याचे पहिले दोन सेकंद गप्प राहायचं. पडद्यावर नजर आधीच चित्रावर असते, घुमटात मुलाला आधी मान वळवून चित्र शोधावं लागतं.

आता एक तुकडा करून दाखवतो, असा प्रसंग बहुतेक शोंमध्ये असतोच. समजा तुमच्या तक्त्यात असं आहे: चौदाव्या सेकंदाला सप्तर्षींचे सात तारे उजळतात, बाविसाव्याला टोकाच्या दोन ताऱ्यांतून रेष निघते, सत्ताविसाव्याला ती ध्रुवावर पोचते, तिसाव्यापासून आकाश फिरायला लागतं आणि शेहेचाळिसाव्याला थांबतं. कागदावर केलेलं भाषांतर साधारण असं येतं: ‘ध्रुव तारा शोधण्यासाठी सप्तर्षींच्या चौकोनाच्या टोकाकडील दोन ताऱ्यांना जोडणारी काल्पनिक रेषा सुमारे पाच पट वाढवावी लागते.’ माहिती बरोबर आहे. पण ही एक्कावन्न अक्षरं झाली, म्हणजे दहा सेकंदांहून जास्त, आणि रेषेला मिळालेत पाच. दुसरी गोम त्याहून मोठी. ‘ध्रुव’ हा शब्द अगदी सुरुवातीला येतो, तेव्हा चित्रात ध्रुव दाखवलेलाच नसतो. मुलं घुमटभर ध्रुव शोधत बसतात आणि रेष निघालेली बघायची राहून जाते.

त्याऐवजी सोळाव्या सेकंदाला: ‘उत्तरेकडे हे सात ठळक तारे. हे आपले सप्तर्षी.’ वीस अक्षरं, चार सेकंद. विसाव्यापासून बाविसाव्यापर्यंत शांतता. रेष निघाली की: ‘टोकाच्या या दोन ताऱ्यांची रेष तशीच पुढे न्या...’ सतरा अक्षरं, साडेतीन सेकंद. मग पुन्हा गप्प. रेष सत्ताविसाव्या सेकंदाला पोचते. अठ्ठाविसाव्याला, मुलांची नजर तिथं टेकल्यावर, दोनच शब्द: ‘हा ध्रुव.’ पाच पटीचा आकडा रेष स्वतःच दाखवते, तो बोलायची गरज नाही.

यातला नियम एवढाच की वाक्यातल्या वस्तूंचा क्रम चित्रातल्या क्रमाप्रमाणे हवा आणि नाव चित्राच्या मागून यायला हवं. मराठी यासाठी मुळात सोयीची आहे, कुठून निघालो ते आधी आणि कुठं पोचलो ते शेवटी सांगायची आपल्याला सवयच आहे. ‘जो... तो’ची लांब वाक्यं आणि ‘शोधण्यासाठी’, ‘समजून घेण्याकरिता’ अशा सुरुवाती टाळल्या की निम्मं काम होतं. पुलह आणि क्रतु ही त्या दोन ताऱ्यांची नावंही इथं घेऊ नका. मुलांनी विचारलं तर शो संपल्यावर सांगा.

यापुढचे सोळा सेकंद आकाश फिरतं, आणि परदेशी शोचं निवेदन खानदेशात खोटं पडतं ते इथं. बरेच शो उत्तरेकडच्या देशांसाठी, चाळीस-पंचेचाळीस अंश अक्षांश धरून बनवलेले असतात. तिथं ध्रुव जवळजवळ अर्ध्या आकाशात असतो आणि सप्तर्षी मावळत नाहीत, म्हणून निवेदक तसं सांगतो. जळगाव, धुळं, नंदुरबार हे सगळं २१ अंशांच्या आसपास. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून २१ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढाच वर दिसतो. जो तारा ध्रुवबिंदूपासून २१ अंशांच्या आत आहे तोच आपल्याकडे मावळत नाही, आणि सप्तर्षींतला एकही तारा त्यात बसत नाही. ‘सप्तर्षी कधीच मावळत नाहीत’ हे वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलंत, तर चोपड्याचा एखादा शेतकऱ्याचा मुलगा तुम्हाला तिथंच अडवेल, आणि त्याचंच बरोबर असेल.

चित्र बदलता येत नाही, वाक्य बदलता येतं. फिरणं सुरू झाल्यावर बत्तिसाव्या सेकंदाला: ‘पृथ्वी फिरते, म्हणून आकाश फिरताना दिसतं. ध्रुव मात्र जवळजवळ जागेवर.’ आणि एकोणचाळिसाव्याला: ‘हे दूर उत्तरेचं आकाश. आपल्याकडे ध्रुव बराच खाली दिसतो.’ तेवढं पुरे, उरलेला वेळ फिरणारं आकाश बघू द्या. शो संपला की प्रोजेक्टरवर स्टेलॅरियम लावून अक्षांश २१ करा आणि खरा ध्रुव दाखवा. फेब्रुवारीत जात असाल तर रात्री नऊचं आकाश लावून दक्षिणेला अगस्त्यही दाखवा. आपल्याकडे तो सोळा अंशांपर्यंत वर चढतो, पंचेचाळीस अंशांवरून तो दिसतच नाही, त्यामुळे अशा शोमध्ये तो कधी सापडणार नाही.

दिशांचंही इथंच सांगतो. फुगवलेल्या घुमटात मुलं प्रोजेक्टरभोवती गोल बसतात, तेव्हा ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ म्हणण्यात अर्थ नाही. घुमटातली उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवून लावा. यावल, रावेर, शहादा, शिरपूर या पट्ट्यात मुलांना उत्तर म्हणजे सातपुडा, एवढं ठाऊक असतं. शो सुरू होण्याआधी ‘सातपुड्याकडची बाजू ही’ असं तोंडी सांगून टाका. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ‘उत्तरेकडे’च ठेवा, कारण चाळीसगावला डोंगर दक्षिणेला आहेत.

शब्दांबद्दल थोडक्यात. ताऱ्यांची आपली नावं घ्या: व्याध, रोहिणी, कृत्तिका, अभिजित. नवी संज्ञा एका दृश्यात एकच, आणि तीही चित्र थांबलेलं असताना. ‘आकाशगंगा’ फक्त आपल्या दीर्घिकेसाठी ठेवा, नाहीतर देवयानी दीर्घिका आली की मुलांचा गोंधळ होतो. ‘दीर्घिका’ पहिल्यांदा येईल तेव्हा जोडीला ‘अब्जावधी ताऱ्यांची वस्ती’ एवढं म्हणा, पुढे नुसतं दीर्घिका चालतं. मोठे आकडे कोटी-लाखांत आणा. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं म्हणण्यापेक्षा ‘सुमारे चौदाशे कोटी वर्षं’ कानाला लगेच कळतं. सूर्याचं अंतर पंधरा कोटी किलोमीटर. निवेदकाच्या प्रतीत आकडे अक्षरांत लिहा. अंकांत ५९ लिहिलं की चांगले चांगले वाचक क्षणभर अडखळतात, आणि तो क्षण तुमच्या पाच सेकंदांतून जातो.

आता ते भांडण, कारण तुमच्याही वाट्याला ते येणार. एका संस्थेच्या समितीशी माझा यावरून वाद झाला होता. त्यांचं म्हणणं, मूळ संहितेतलं एकही वाक्य गाळायचं नाही, गाळलं की विज्ञान गाळलं. मी आजही म्हणतो की तिसरा हिस्सा गाळावाच लागतो. जे चित्रात दिसतंय ते पुन्हा सांगणारं वाक्य आधी काढा, मग विशेषणं काढा. ‘अद्भुत’, ‘विलक्षण’, ‘अथांग’ यांची दहा अक्षरं वाचली की पूर्ण दोन सेकंद मिळतात. त्याच समितीतल्या दुसऱ्या गटाला सगळा शो अहिराणीत हवा होता. तेही मला पटलं नाही, कारण रावेरची आणि साक्रीची अहिराणी एक नाही आणि रेकॉर्ड केलेला आवाज समोरच्या गावाप्रमाणे बदलता येत नाही. शोनंतरच्या तोंडी भागात मात्र मनसोक्त अहिराणी बोला. ‘तठे देखा’ म्हटलं की अख्ख्या घुमटाच्या माना एकदम वळतात.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी पुरते. प्रकल्प ४८,००० हर्ट्झवर ठेवा आणि तक्त्यातल्या वेळा लेबल ट्रॅकवर टाका, म्हणजे प्रत्येक वाक्य आपल्या जागी सरकवता येतं. पूर्ण मिसळलेला आवाज चित्राला असा जोडा:

```
ffmpeg -i show.mp4 -i marathi.wav -map 0:v -map 1:a -c:v copy -c:a aac -b:a 192k show_mr.mp4
```

जोडल्यावर पहिलं आणि शेवटचं वाक्य तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर आख्खा ट्रॅक तेवढा सरकवा. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी दीड सेकंद चुकलेलं असेल, तर तक्ता ३० फ्रेमच्या प्रतीवरून केलाय आणि दाखवायची प्रत २९.९७ची आहे; २४ मिनिटांत तेवढा फरक पडतोच. तक्ता नेहमी दाखवायच्या फाइलवरूनच करा. माइक कुठला, ते खोली बघितल्याशिवाय सांगत नाही.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं: शो बनवणाऱ्यांकडून भाषांतराची लेखी परवानगी घ्या आणि संगीत व ध्वनिपरिणामांचा निवेदनाशिवायचा ट्रॅक मागा. तो नसेल तर इंग्रजी आवाज बारीक करून वर मराठी चढवू नका. ब्लोअरच्या आवाजात दोन्ही भाषा एकमेकींना खातात. अशा वेळी मूळ आवाज पूर्ण बंद ठेवून नुसतं मराठी निवेदन चालवलेलं चांगलं.